छपरावरची वीज आणि तारांतला दाब

छपरावरच्या सौर संचातून तयार झालेली वीज घरात वापरून उरली, की ती सर्व्हिस वायरमधून खांबावर आणि तिथून वाहिनीत जाते. त्यासाठी एक अट असते. वीजप्रवाह जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, म्हणून घरातली वीज बाहेर जायची तर घरातला दाब खांबावरच्या दाबापेक्षा थोडा जास्त असावा लागतो. सौर संचाचा इन्व्हर्टर तो फरक आपोआप निर्माण करतो. खांबावर २४० व्होल्ट असतील तर तो घरात २४२ करतो, खांबावर २४५ असतील तर २४७ करतो. एका घराचा हा फरक दोन-तीन व्होल्टचाच असतो. पण त्याच तारेवर वीस घरांनी वीज बाहेर सोडली, तर प्रत्येक घराच्या प्रवाहाने तारेतला दाब थोडा थोडा वर जातो आणि त्यांची बेरीज तारेच्या शेवटच्या घरी दिसते.

हा दाब किती वाढेल ते दोन गोष्टींवर ठरते: तारेतून किती अँपिअर प्रवाह जातो आणि त्या तारेचा रोध किती ओहम आहे. दोन्हींचा गुणाकार केला की व्होल्टमधला फरक मिळतो. वीज रोहित्राकडून घरांकडे येते तेव्हा हा फरक वजा होतो, म्हणून शेवटच्या घरी दिवे मंद जळतात. वीज घरांकडून रोहित्राकडे जाऊ लागली की तोच फरक अधिक होतो. तार आणि तिचा रोध तोच राहतो, फक्त दिशा बदलते. अडचण अशी, की आपल्याकडच्या बहुतेक वाहिन्या पहिली दिशा गृहीत धरूनच बांधलेल्या आहेत.

एका दिशेसाठी बांधलेली वाहिनी

उपकेंद्रातून ११ केव्हीची वाहिनी निघते. गावात किंवा वसाहतीत ती रोहित्रापर्यंत पोचते. लोक या जागेला ‘डीपी’ म्हणतात. रोहित्र ११ केव्हीचा दाब उतरवून लघुदाबाच्या वाहिनीला देते. लघुदाबाला तीन फेज आणि एक न्यूट्रल असते. घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, त्यांच्यातला ठरलेला दाब २३० व्होल्ट असतो. वीज कंपनीने तो सहा टक्क्यांच्या आत-बाहेर ठेवायचा असतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान.

रोहित्राच्या पाटीवर मात्र लघुदाबाच्या बाजूला ४३३ व्होल्ट असे लिहिलेले असते. दोन फेजमधल्या या दाबाचा एका फेजपुरता हिशेब केला तर तो २५० व्होल्ट होतो. घराला २३० हवे असताना रोहित्र २५० चे कशासाठी? कारण रोहित्रावर भार आला की त्याच्या आतच काही व्होल्ट पडतात, मग लांबलचक तारेत आणखी पडतात, आणि एवढे सगळे पडूनही शेवटच्या घरी पुरेसा दाब उरावा अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात ११ केव्हीची वाहिनीही रोहित्रापर्यंत येताना थोडी उतरलेली असते, त्यामुळे भार नसताना फेजचा दाब २५० ऐवजी २४० च्या आसपास आढळतो. तरीही ठरलेल्या कमाल मर्यादेपासून तो फार खाली नसतो. वर जायला चार व्होल्टची जागा आणि खाली यायला चोवीस व्होल्टची, अशी ही मांडणी आहे. वीज एकाच दिशेने जाणार असेल तर ती शहाणपणाची ठरते. छपरांनी वीज उलटी पाठवायला सुरुवात केली, की वरची चार व्होल्टची जागा पाहता पाहता संपते.

चाळीस घरांचा हिशेब

एक नमुन्याची वाहिनी घेऊन हे आकड्यांत पाहता येते. १०० केव्हीएचे रोहित्र आहे. त्यावरून ‘रॅबिट’ नावाची, ग्रामीण आणि निमशहरी भागात नेहमी दिसणारी अ‍ॅल्युमिनियमची तार ५०० मीटर गेली आहे. तापलेल्या अवस्थेत तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.६ ओहम, म्हणजे या लांबीत ०.३ ओहम. तारेवर चाळीस घरे सारख्या अंतराने आणि तिन्ही फेजवर समान वाटलेली आहेत. भार नसताना रोहित्रापाशी फेजचा दाब २४० व्होल्ट आहे.

आधी संध्याकाळ पाहू. सौर संच बंद आहेत, घरात दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, कुठे मिक्सर चालू आहे. प्रत्येक घराचा सरासरी भार दीड किलोवॅट धरला तर एकूण ६० किलोवॅट, प्रत्येक फेजवर २०, म्हणजे साधारण ९० अँपिअर. घरे तारेभर पसरलेली असल्यामुळे हा सगळा प्रवाह शेवटपर्यंत जात नाही, वाटेत कमी होत जातो. अशा वेळी शेवटी पडणारा दाब पूर्ण गुणाकाराच्या निम्मा असतो: सुमारे १४ व्होल्ट. रोहित्राच्या आत चारेक व्होल्ट पडतात. शेवटच्या खांबावर २२२ आणि घरात एक व्होल्ट आणखी कमी होऊन २२१ उरतात. हे नियमात बसते.

आता फेब्रुवारीतली स्वच्छ दुपार. वीस घरांवर प्रत्येकी तीन किलोवॅटचे संच आहेत आणि प्रत्येकातून २.७ किलोवॅट निघत आहेत, एकूण ५४. माणसे कामावर, मुले शाळेत, वातानुकूलन यंत्रे अजून सुरू झालेली नाहीत. घरांत सरासरी ३०० वॅटचा भार आहे, म्हणजे चाळीस घरांत मिळून १२ किलोवॅट. उरलेले ४२ किलोवॅट रोहित्रातून ११ केव्हीच्या वाहिनीत उलटे चढतात. फेजमागे साधारण ६० अँपिअर. तारेत ९ व्होल्टची वाढ, रोहित्रात दोनाची. शेवटचा खांब २५१ वर जातो. त्या खांबापासून घरापर्यंतच्या सर्व्हिस वायरमध्ये आणखी दोन व्होल्ट वाढतात, कारण ती तार वाहिनीच्या मानाने बारीक असते. इन्व्हर्टरपाशी २५३ व्होल्ट होतात.

म्हणजे एकाच घरात एकाच दिवशी संध्याकाळी २२१ आणि दुपारी २५३. याच वाहिनीवर पाचच संच असते तर दुपारचा आकडा २४२ च्या जवळ राहिला असता, कारण तेवढी वीज शेजारपाजारच्या घरांतच खपली असती. दहा संच झाले की तो २४६ होतो, म्हणजे मर्यादा ओलांडलेली असते. पहिल्या पाच जणांना अडचण जाणवत नाही, आणि पुढे प्रत्येक नव्या संचाबरोबर ती वाढत जाते.

या हिशेबात एक सवलत गृहीत धरलेली आहे: संच तिन्ही फेजवर सारखे वाटलेले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक घरांचे संच एकाच फेजवर असतात आणि कोणते घर कोणत्या फेजवर आहे याचा विचार संच बसवताना क्वचितच होतो. तिन्ही फेज सारखे असतील तर न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना मारतात. एकाच फेजवर गर्दी झाली तर परतीचा प्रवाह न्यूट्रलमधून जातो आणि न्यूट्रलचा रोधही हिशेबात येतो. शेवटच्या खांबावर एकट्याच फेजवर असलेला तीन किलोवॅटचा संच १३ अँपिअर सोडत असेल, तर जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा धरून तो एकटाच जवळजवळ ८ व्होल्ट वाढवतो. म्हणूनच चार संच असलेल्या वाहिनीवरही कधी कधी एका फेजवरच्या लोकांची तक्रार येते आणि शेजारच्या फेजवर सगळे ठीक असते.

२५३ व्होल्टला काय होते

जाळ्याला जोडलेल्या छोट्या वीजनिर्मिती संचांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये तांत्रिक मानके ठरवली. दाब ठरलेल्या दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला तर संचाने दोन सेकंदांच्या आत जाळ्यापासून सुटे व्हायचे, असे त्यांत आहे. २३० चे ११० टक्के म्हणजे बरोबर २५३. वरच्या उदाहरणातले शेवटचे घर नेमके याच उंबरठ्यावर उभे आहे.

दाब २५३ च्या वर गेला की तिथला इन्व्हर्टर बंद पडतो. तो बंद पडताच त्याचा प्रवाह थांबतो, दाब खाली येतो. किमान ६० सेकंद दाब स्थिर राहिला की इन्व्हर्टर पुन्हा जोडला जातो, दाब पुन्हा चढतो, इन्व्हर्टर पुन्हा सुटतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिवसाच्या निर्मितीची रेषा घंटेच्या आकाराची दिसायला हवी. अशा घरी ती अकरा ते तीनच्या दरम्यान करवतीच्या दात्यांसारखी दिसते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ अशा अर्थाचा संदेश येतो. ऊन सर्वांत चांगले असते त्याच वेळी निर्मिती बुडते.

नुकसान सर्वांचे सारखे होत नाही. रोहित्राजवळच्या घराला तारेची वाढ जवळजवळ लागत नाही, त्याचा इन्व्हर्टर दिवसभर चालू राहतो. शेवटचे घर सारख्याच पैशांत सारखाच संच घेऊन कमी युनिट मिळवते. शिवाय ज्यांच्या छपरावर काहीच नाही त्यांनाही २५० व्होल्ट मिळतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर, पंख्याची मोटर, एलईडी दिव्यातले छोटे इलेक्ट्रॉनिक भाग अशा दाबाने गरम राहतात आणि लवकर निकामी होतात. वीज कंपनीला मुख्य काळजी या ग्राहकांची असते, कारण योग्य दाबाची जबाबदारी तिच्यावर आहे.

अशी तक्रार आली की दोष वाहिनीत आहे की घराच्या तारेत, हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. भर दुपारी इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी दाब मोजायचा. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर इन्व्हर्टर ते मीटर ही तार बारीक किंवा फार लांब आहे. फरक नसेल तर आपला इन्व्हर्टर बंद करून मीटरपाशी पुन्हा मोजायचे. दाब लगेच बराच उतरला तर सर्व्हिस वायर किंवा तिचा खांबावरचा सांधा संशयास्पद आहे, किंवा तेवढा फेज एकट्या या संचानेच चढवला आहे. दाब फारसा न उतरता २५० च्या आसपासच राहिला तर कारण वाहिनीत किंवा रोहित्राच्या मांडणीत आहे. एका फेजवर दाब खूप चढलेला आणि दुसऱ्यावर खूप उतरलेला असेल तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्यावी. तो धोक्याचा प्रकार आहे आणि त्यासाठी लगेच लाइनमनला बोलवावे लागते. ही मोजमापे जाणकार वायरमननेच करायची असतात.

काही ठिकाणी संच बसवणारे तक्रार मिटवण्यासाठी इन्व्हर्टरमधली मर्यादा २५३ वरून वर सरकवून देतात. इन्व्हर्टर मग बंद पडत नाही, पण वाहिनीवरचा दाब आणखी चढतो आणि त्रास शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो.

टॅप खाली का करत नाहीत

रोहित्राला दाब कमी-जास्त करण्यासाठी टॅप असतो. एका पायरीला अडीच टक्के, म्हणजे सुमारे सहा व्होल्टचा फरक पडतो. वरच्या वाहिनीचा टॅप एक पायरी खाली केला तर दुपारचे २५३ होतील २४७. पण संध्याकाळचे २२१ होतील २१५, आणि ते खालच्या मर्यादेच्याही खाली आहे. दुपारची तक्रार मिटते तशी संध्याकाळची सुरू होते. लघुदाबाच्या रोहित्रांचे टॅप वीज बंद करून हाताने बदलावे लागतात, त्यामुळे ते रोज दोनदा फिरवणे शक्य नसते. एकच टॅप दोन्ही वेळांना पुरला पाहिजे.

खरी अडचण इथे आहे. वाहिनीला आता दोन टोके आहेत, दुपारचे आणि संध्याकाळचे, आणि त्यांच्यातले अंतर या उदाहरणात ३२ व्होल्ट झाले आहे. परवानगी असलेला पट्टा आहे २८ व्होल्टचा. टॅप कुठेही ठेवला तरी दोन्ही टोके त्या पट्ट्यात मावत नाहीत. सौर संच नव्हते तेव्हा दुपार आणि संध्याकाळ यांत पंधरा-सोळा व्होल्टचाच फरक होता, म्हणून एक टॅप पुरत होता.

मर्यादा कशी ठरते

प्रत्येक वाहिनीची असा अभ्यास करून क्षमता काढता येते. त्यासाठी तारांची लांबी, जाडी, कोणते घर कोणत्या खांबावर आणि कोणत्या फेजवर, दुपारचा भार किती, हे सगळे माहीत असावे लागते. लाखो रोहित्रांची अशी माहिती बहुतेक कंपन्यांकडे अचूक नसते. म्हणून नियामक एक सोपा नियम घालून देतात: एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त सौर संच नकोत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ च्या नियमांत ही मर्यादा ४० टक्के ठेवली होती. २०१९ च्या नियमांत ती ७० टक्के झाली, आणि भाराचा सविस्तर अभ्यास करून तिच्या पलीकडे परवानगी देण्याची मोकळीक ठेवली गेली.

टक्क्यांचा हा नियम प्रामुख्याने रोहित्राच्या तापण्याचा विचार करतो. वीज सुलटी जावो की उलटी, रोहित्राची गुंडाळी सारखीच तापते, म्हणून त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वीज उलटी जाऊ नये हे बरोबर आहे. दाबाविषयी मात्र हा नियम पुरेसे सांगत नाही. वरच्या उदाहरणात १०० केव्हीएवर ६० किलोवॅटचे संच आहेत, म्हणजे ६० टक्के. ७० टक्क्यांची मर्यादा पाळली गेली आहे, तरी शेवटचे घर २५३ वर गेले. याउलट शहरातल्या सोसायटीच्या आवारात रोहित्र असेल आणि जाड भूमिगत केबल पन्नास मीटरच असेल, तर त्याच्या क्षमतेइतके संच लावूनही केबलमध्ये दाब एक-दोन व्होल्टच वाढतो. लांब वाहिनीवर नियम सैल पडतो आणि आखूड वाहिनीवर विनाकारण आवळतो.

घरगुती ग्राहकांसाठी चित्र २०२४ मध्ये बदलले. त्या वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तीत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि त्याच्या पुढे अनुदान वाढत नाही, म्हणून तीन किलोवॅट हे घरगुती संचाचे नेहमीचे माप झाले. त्याच महिन्यात केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झाला असे समजायचे, आणि पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वाहिनी बळकट करावी लागली तर खर्च कंपनीने सोसायचा, असे तिच्यात आहे. त्यामुळे भारतात छोट्या घराला नकार मिळण्याची शक्यता कमी झाली. अडवणूक झालीच तर ती मोठ्या संचांची होते. छोट्या संचांच्या बाबतीत प्रश्न जोडणीनंतर, २५३ च्या रूपाने समोर येतो.

हवाई आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया

जोडण्या रोखण्याची बहुचर्चित घटना अमेरिकेतल्या हवाई राज्यात घडली. ओआहू बेटावर छपरांवरचे संच इतके वाढले, की काही वाहिन्यांवर त्यांची क्षमता दुपारच्या किमान भाराच्या पुढे गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये हवाईयन इलेक्ट्रिक कंपनीने अशा वाहिन्यांवर संच बसवण्याआधीच परवानगी घेण्याची अट घातली आणि अनेक अर्ज अडकून पडले. कंपनीची एक भीती वेगळ्या प्रकारची होती. दोषामुळे वाहिनी अचानक उपकेंद्रापासून सुटली आणि तिच्यावर भारापेक्षा निर्मिती जास्त असेल, तर क्षणार्धात दाब फार वर उडेल, असे तिला वाटत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत इन्व्हर्टर तपासले गेले, तेव्हा ते अशा वेळी पुरेसे लवकर बंद होतात असे दिसले. त्यानंतर २०१५ मध्ये मर्यादा दुपारच्या किमान भाराच्या अडीचपटीपर्यंत वाढवली गेली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या आयोगाने नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केले.

दक्षिण ऑस्ट्रेलियात दर तीन घरांपैकी एकाहून अधिक घरांवर संच आहेत. तिथली लघुदाबाची रोहित्रेही भारतासारखीच ४३३ व्होल्टची, आणि जाळे पूर्वीच्या २४० व्होल्टच्या मानकाला धरून बांधलेले. सुरुवातीला एका फेजवर पाच किलोवॅटच बाहेर पाठवता येतील अशी ठोक मर्यादा होती. ती वर्षातल्या सर्वांत वाईट दुपारीही चालेल अशा बेताने ठेवावी लागते, त्यामुळे इतर दिवशी बरीच जागा रिकामी राहते. म्हणून २०२१ पासून तिथल्या वितरण कंपनीने बदलती मर्यादा आणली. इन्व्हर्टर इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेला असतो आणि त्याला वाहिनीच्या स्थितीनुसार दीड ते दहा किलोवॅटच्या दरम्यान परवानगी मिळते. वर्षातला बहुतेक काळ ती वरच्या टोकाला असते. वाईट दुपारी ती खाली येते, संपर्क तुटला तर दीड किलोवॅटवर थांबते. घरात वापरायच्या विजेवर ही मर्यादा लागत नाही, ती फक्त बाहेर जाणाऱ्या विजेवर आहे.

ऑस्ट्रेलियाच्या इन्व्हर्टर मानकाने दुसरा बदलही केला. दाब २५३ च्या पुढे गेला की इन्व्हर्टरने एकदम न सुटता आपली निर्मिती हळूहळू कमी करत जायची. त्यामुळे करवतीच्या दात्यांऐवजी रेषेचा वरचा भाग थोडा सपाट होतो आणि बुडणारे युनिट कमी होतात.

उपाय आणि त्यांचे माप

नमुन्याच्या वाहिनीवर प्रत्येक उपाय किती व्होल्ट मिळवून देतो हे पाहिले, की कोणता कुठे लावायचा ते कळते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फेजची वाटणी. एका फेजवर गोळा झालेले संच तिन्हींवर वाटले तर लाइनमनच्या एका दिवसाच्या कामात काही व्होल्ट उतरतात. नमुन्याच्या वाहिनीवर ही वाटणी आधीच धरलेली आहे, त्यामुळे तिथे याने आणखी काही मिळत नाही.

दुसरा उपाय इन्व्हर्टरमध्येच आहे. तो वाहिनीतून थोडी प्रतिक्रियात्मक वीज खेचू लागला तर दाब उतरतो. उच्चदाबाच्या जाड वाहिन्यांवर हा मार्ग फार परिणामकारक असतो. लघुदाबाच्या तारांत रोधाचा वाटा मोठा असल्याने परिणाम कमी होतो, तरी वीसही इन्व्हर्टरांनी हे केले तर तार आणि रोहित्र मिळून पाचेक व्होल्ट कमी होतात: २५३ चे २४८. त्याबदल्यात तारांतून जास्त प्रवाह वाहतो आणि त्यात थोडी वीज वाया जाते.

तिसरा उपाय दुपारी वीज खपवण्याचा. संच असलेल्या वीसही घरांनी दुपारी एकेक किलोवॅट जास्त वापरला, म्हणजे गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप अकरा ते तीनमध्ये चालवला, तर उलटी वीज ४२ वरून २२ किलोवॅटवर येते आणि शेवटच्या घराचे २५३ होतात २४७. दक्षिण ऑस्ट्रेलियात याचसाठी दुपारी स्वस्त वीजदर लावून पाणी तापवण्याचे काम रात्रीवरून दुपारी आणले गेले. नेट मीटरिंगमध्ये मात्र ग्राहकाला याचे कारण दिसत नाही. दुपारी बाहेर दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट त्याच्या बिलात एकमेकांना काटतात, म्हणून दुपारी वापरा की रात्री, बिल तेच येते. बॅटरीही हेच काम करते, पण ती महाग आहे, आणि सकाळीच भरून गेली तर दुपारी उपयोगी पडत नाही.

चौथा उपाय तारांचा. निम्म्या रोधाची जाड तार टाकली तर तारेतली वाढ ९ वरून साडेचार व्होल्टवर येते. त्याहून मोठा फरक रोहित्र हलवल्याने पडतो. तेच रोहित्र वाहिनीच्या टोकाऐवजी मधोमध ठेवले तर प्रत्येक बाजूला निम्मी घरे आणि निम्मी लांबी उरते. प्रवाह निम्मा, रोध निम्मा, म्हणून वाढ पावपट: ९ व्होल्टचे सव्वादोन. संध्याकाळची घटही तशीच १४ वरून साडेतीनवर येते. दोन्ही टोके जवळ आल्याने टॅप एक पायरी खाली करायलाही मोकळीक मिळते. दुपार २४० आणि संध्याकाळ २२५ च्या आसपास बसते, आणि सगळे नियमात येते. त्यासाठी ११ केव्हीची तार अडीचशे मीटर पुढे न्यावी लागते, म्हणजे खर्च आणि जागा दोन्ही लागतात.

यातून एक गोष्ट उघड होते. वाहिनीवर किती संच चालतील हा आकडा ठरीव नसतो. तारेची लांबी, फेजची वाटणी, टॅप आणि दुपारचा वापर यांवर तो ठरतो, आणि यांतले काहीही बदलले की तो बदलतो. टक्क्यांची मर्यादा ही माहितीच्या अभावी वापरलेली सोय आहे. रोहित्रावर बसवलेल्या मीटरमधून रोजचा दाब आणि उलट्या विजेचे आकडे मिळू लागले, तर प्रत्येक वाहिनीला तिच्या प्रत्यक्ष क्षमतेएवढे संच देता येतील. तोवर लांब वाहिनीच्या शेवटी राहणाऱ्या ग्राहकाने संच घेण्यापूर्वी दोन-तीन स्वच्छ दुपारी आपल्या मीटरपाशी दाब तपासून घ्यावा. तो संचाशिवायच २४५ च्या पुढे असेल, तर आधी वीज कंपनीकडे तशी लेखी तक्रार करावी आणि मगच संचाची मागणी नोंदवावी.